बेकरीतलं यीस्ट, पंचगंगेचं पाणी आणि जस्ट इन टाइम

प्रश्न: मी एमबीए फर्स्ट इयरला आहे, कोल्हापुरातच. ऑपरेशन्सच्या प्रोजेक्टसाठी आमच्या गल्लीतली बेकरी घेतलीय. जस्ट इन टाइम, म्हणजे लागेल तेव्हा लागेल तेवढाच माल मागवायची पद्धत, लावली तर कच्च्या मालाचा स्टॉक किती कमी होईल आणि त्यात रिस्क काय, हे दाखवायचंय. मालकांना विचारलं तर ते म्हणाले, "रोज माल मागवायचं पुस्तकात ठीक आहे, पावसाळ्यात काय करायचं ते सांग." आता मी काय लिहू?

मालकांचं पावसाळ्याचं बोलणं उडवून लावू नकोस, तुझ्या प्रोजेक्टचा अर्धा भाग त्या एका वाक्यातच आहे. मी बरीच वर्षं शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपच्या परचेस आणि स्टोअर्समध्ये काढलीत आणि आमच्या गल्लीतल्या बेकरीच्या मालाचा हिशेबही मालकांबरोबर बसून लावून दिलाय, त्यामुळं दोन्हीकडचं सांगू शकतो.

पहिल्यांदा एक गोष्ट डोक्यात पक्की कर. "स्टॉक किती कमी होईल" हा प्रश्न उलट्या बाजूनं सुरू होतोय. माल मागितल्यापासून हातात पडेपर्यंत किती वेळ लागतो आणि तो वेळ किती वेळा चुकतो, या दोन गोष्टींवर स्टॉक ठरतो. त्या दोन सुधारल्या की स्टॉक आपोआप कमी करता येतो, त्या न सुधारता नुसता स्टॉक कमी केला तर ते जस्ट इन टाइम होत नाही, ती उपासमार होते. कॉलेजात 'झिरो इन्व्हेंटरी' हा शब्द फार सैल वापरतात, आणि मग पोरं बेकरीत जाऊन सांगतात की गोडाऊन रिकामं करा. ज्यानं आयुष्यभर भट्टी चालवलीय तो माणूस यावर दुसरं काय बोलणार.

बेकरीत सगळ्या मालाला एकच नियम लावायचा नाही हेही आधीच लिहून टाक. मीठ, साखर यांच्यात डोकं घालू नकोस, ती कितीही ठेवली तरी फरक पडत नाही आणि लक्ष्मीपुरीत तासाभरात मिळते. मैद्याचा हिशेब पुढं सांगतो. पण प्रोजेक्टसाठी खरी वस्तू घ्यायची तर यीस्ट घे. वजनात ते मैद्याच्या दोन-अडीच टक्के, पण ते नसेल तर बाकीचे साडेसत्त्याण्णव टक्के जागेवर पडून राहतात. शिवाय ते नासतं, बाहेरगावाहून येतं आणि फ्रीजमध्ये ठेवावं लागतं. जस्ट इन टाइमचे सगळे फायदे आणि सगळे धोके त्या एका पाकिटात बघायला मिळतात.

आमच्या बेकरीचे आकडे घेतो, थोडे गोल करून, तुला तुझ्या बेकरीचे घालता येतील. ब्रेड आणि पाव मिळून रोज दोन पोती मैदा लागतो, ५० किलोची, म्हणजे १०० किलो. आपल्याकडं मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड लागतो, त्यामुळं मिसळवाल्यांची रोजची ऑर्डर बांधलेली असते आणि खप फारसा हलत नाही, रविवारी थोडा जास्त एवढंच. ताजं यीस्ट अडीच टक्के धरलं तर रोज अडीच किलो, म्हणजे अर्ध्या किलोची पाच पाकिटं. ते पुण्याकडनं डीलरच्या थंड गाडीतनं आठवड्यातनं दोनदा यायचं, सोमवारी आणि गुरुवारी, आणि ऑर्डर दोन दिवस आधी द्यावी लागायची.

मालक पंधरा दिवसांचा माल ठेवायचे, पंच्याहत्तर पाकिटं. का, तर कधीतरी एकदा गाडी आली नव्हती, तेव्हापासून ठेवतात. सगळीकडं असंच असतं बघ, स्टॉकचा आकडा हा कुठल्यातरी जुन्या भीतीचा आकडा असतो आणि ती भीती कुणी परत तपासत नाही. आता हा स्टॉक काय करत होता ते बघ. ताजं यीस्ट जिवंत असतं, फ्रीजमध्ये नीट ठेवलं तरी दोन-तीन आठवडेच चांगलं राहतं आणि त्या काळातही त्याचा जोर हळूहळू कमी होतो. त्यात दुपारी लाइट गेली, फ्रीज गच्च भरलेला, दार सारखं उघडतंय, म्हणजे आतलं तापमान वर-खाली. ताजं पाकीट उघडलंस तर वडी फिकट साईच्या रंगाची असते आणि बोटानं दाबली की चुरा होऊन तुटते. जुनं झालेलं तपकिरीकडं झुकतं, कडा वाळतात, आत चिकट लागतं आणि वास आंबूस व्हायच्या पुढं जातो. कारागिरांना हे बघूनच कळतं, मग ते काय करायचे, जुनं पाकीट हातात आलं की अंदाजानं थोडं जास्त टाकायचे आणि पीठ चढायला अर्धा तास जास्त द्यायचे. म्हणजे एखाद्या दिवशी ब्रेड वेळेवर, एखाद्या दिवशी मिसळवाल्याचा फोन, की गाडी कुठंय. मालकांना वाटायचं कारागीर आळस करतोय. खरं कारण फ्रीजच्या तळाला पडलेली पाकिटं होती, कारण नवीन माल वर रचला जायचा आणि वरचाच आधी उचलला जायचा.

जस्ट इन टाइमची खरी ताकद इथं आहे आणि प्रोजेक्टमध्ये हे ठळक लिही. यीस्टमध्ये अडकलेले पैसे किरकोळ होते. पण जास्तीच्या स्टॉकमुळं तीन दोष झाकले गेले होते, माल फिरवायची पद्धत चुकीची, फ्रीज भरोशाचा नाही, आणि डीलरची गाडी नेमकी किती वेळा चुकते याची नोंदच नाही. स्टॉक कमी करायला घेतला तेव्हा हे तिन्ही एकेक करून वर आले.

आम्ही काय केलं ते सांगतो. एका दिवसाची पाच पाकिटं एका डब्यात, प्रत्येक डब्याला एक कार्ड, त्यावर यीस्ट, पाच पाकिटं, डीलरचा फोन. डबा उघडला की कार्ड खिळ्याला अडकवायचं, आणि ऑर्डरच्या दिवशी, म्हणजे मंगळवारी आणि शनिवारी, खिळ्याला जेवढी कार्डं तेवढ्या डब्यांची ऑर्डर. तेवढीच, अंदाजानं चार जास्त नाहीत. टोयोटाच्या कानबानचं हेच काम, मागणीचा निरोप वापरातनंच निघतो, कुणाच्या मनातनं निघत नाही.

कार्डं किती ठेवायची, हा हिशेब तुला गाइड नक्की विचारणार. मंगळवारी दिलेली ऑर्डर गुरुवारी येते आणि त्यानंतरची गाडी थेट सोमवारी. म्हणजे मंगळवारी ऑर्डर देताना पुढच्या सोमवार सकाळपर्यंतची सोय झाली पाहिजे, सहा दिवस. रोज एक डबा म्हणजे सहा डबे, आणि गाडी एखादा दिवस उशिरा आली तर म्हणून एक वाढीव. सात डबे, सात कार्डं. सगळे डबे एकदम फ्रीजमध्ये कधीच नसतात, काही वाटेत असतात. प्रत्यक्षात गाडी आल्यावर पाच डबे आणि गाडी यायच्या सकाळी एक किंवा दोन. पंधरा डब्यांवरनं सरासरी तीनवर आलो, म्हणजे फ्रीजमधलं कुठलंही पाकीट आमच्याकडं आल्यापासून पाच दिवसांपेक्षा जुनं नाही. यीस्टची मात्रा रोज तीच, पीठ चढायचा वेळ रोज तोच, आणि भट्टीची वेळ घड्याळावर आली.

हे एका झटक्यात केलं नाही. पंधरावरनं एकदम सातवर गेलो असतो तर पहिल्याच उशिराला भट्टी थांबली असती आणि मालकांनी कार्डं चुलीत घातली असती. एक डबा काढायचा, दोन-तीन आठवडे बघायचं काय अडतंय, ते दुरुस्त करायचं, मग पुढचा काढायचा. गाडी उशिरा येते असं दिसलं तेव्हा डीलरशी बसून बोललो, तर कळलं की आमचा थांबा त्याच्या फेरीत शेवटचा होता आणि आमची ऑर्डर फोनवर कधी सकाळी कधी रात्री जायची, त्यामुळं तोही अंदाजानं माल भरायचा. ऑर्डरची वेळ ठरली तशी त्याची गाडीही बऱ्यापैकी वेळेवर आली. सप्लायर बेभरवशाचा म्हणून आपण ओरडतो त्यातला बराच भाग आपल्याच ऑर्डरच्या पद्धतीतनं आलेला असतो, हे मी मशीन शॉपमध्ये पण कितीदा बघितलंय.

आता तुझ्या मालकांचा पावसाळा. तो वाढीव एक डबा आहे ना, तो गाडी एखाद-दुसऱ्या दिवसानं चुकण्यासाठी आहे. तुमच्या पुस्तकात अशा वाढीव साठ्याचा, म्हणजे सेफ्टी स्टॉकचा, फॉर्म्युला असतो, मागणी किती हलते, माल यायचा वेळ म्हणजे लीड टाइम किती हलतो, त्यावरनं आकडा येतो. तो फॉर्म्युला नेहमीच्या चढउतारासाठी चांगला आहे. पण तू वर्षभराच्या यीस्टच्या डिलिव्हरीच्या तारखा त्यात घातल्यास आणि त्या वर्षी पूर आला नसेल, तर पूर त्या आकड्यात नाहीच. आणि पुराचं वर्ष घातलंस तर आकडा एवढा फुगेल की बारा महिने फ्रीज भरून ठेवावा लागेल, आणि ताजं यीस्ट तसं ठेवताच येत नाही. म्हणून रोजची गडबड आणि रस्ता बंद होणं हे दोन वेगळे प्रश्न धर, दोन्हींना एकच बफर लावू नकोस. बहुतेक प्रोजेक्ट इथंच गडबडतात.

ऑगस्ट २०१९ ला पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेलं होतं, तिथं इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू हायवेवर पाणी आलं आणि तो जवळजवळ आठवडाभर बंद राहिला. जुलै २०२१ ला परत तेच, हायवे परत बंद. पुण्याकडनं येणारी गाडी किणी टोलनाक्याच्या अलीकडं यायचा प्रश्नच नाही. सरासरी तीन डबे असलेली बेकरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी थांबणार.

अशा वेळी मी दोन आकडे समोरासमोर ठेवतो, मशीन शॉपला पण आणि बेकरीला पण. पुरवठा पूर्ण तुटला तर आपण किती दिवस तग धरतो, आणि तुटलेला पुरवठा परत सुरू व्हायला किंवा दुसरी सोय लागायला किती दिवस लागतात. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा लहान असेल तर तिथं भोक आहे. यीस्टच्या बाबतीत तग तीन दिवस, वाईटात वाईट वेळी एकच, आणि सावरायला २०१९ सारखी वेळ आली तर आठवडा, वर गाड्यांची रांग सुटून डीलरकडं माल यायचे दोन-तीन दिवस धरून दहा. भोक सात ते नऊ दिवसांचं.

हे भोक ताज्या यीस्टचा स्टॉक वाढवून बुजवायचं नाही, वर सांगितलं तसं त्यातनं जुनेच दोष परत येतील. दुसरी वस्तू बघायची. कोरडं इन्स्टंट यीस्ट व्हॅक्यूम पाकिटात येतं, न उघडलेलं पाकीट फ्रीजशिवाय फळीवर साधारण दोन वर्षं टिकतं, आणि ताज्याच्या अंदाजे एक तृतीयांश वजनात तेच काम करतं. रोज अडीच किलो ताज्याच्या जागी साधारण ८५० ग्रॅम, म्हणजे अर्ध्या किलोची दोन पाकिटंही नाहीत. दहा दिवसांना सतरा-अठरा पाकिटं झाली, एक मध्यम खोकं. ते कपाटात वरच्या फळीवर, लाल पट्टी लावून, आणि ते मालकांच्या परवानगीशिवाय उघडायचं नाही. गाडी एक दिवस उशिरा आली म्हणून त्यातलं पाकीट काढलं तर ती राखीव राहत नाही, महिन्याभरात खोकं रिकामं होतं आणि नेमकं पुरात हात घातल्यावर कळतं.

खोकं ठेवून काम संपत नाही. कोरडं यीस्ट वेगळं वागतं. ते मैद्यात कोरडंच मिसळायचं असतं, बर्फाच्या गार पाण्यात थेट टाकलं तर त्याचा जोर जातो, आणि आपल्याकडं उन्हाळ्यात पीठ तापू नये म्हणून बर्फ घालायची सवय असते. चढायचा वेळही थोडा बदलतो. म्हणून महिन्यातनं एक घाणा मुद्दाम कोरड्या यीस्टचा करायचा, त्यात सगळ्यात जुन्या तारखेची पाकिटं वापरायची आणि तेवढी नवीन आणून ठेवायची. त्यानं माल फिरतो, आणि कारागिरांचा हातही बसलेला राहतो. ज्या पर्यायाचा सराव नाही तो पर्याय कागदावर धर, हिशेबात धरू नकोस.

मैद्याला हाच विचार लावला तर उत्तर वेगळं येतं, आणि म्हणूनच वस्तू वस्तू वेगळी बघायची. समजायला ३५ रुपये किलो धर. दहा दिवसांचा मैदा म्हणजे १००० किलो, ३५,००० रुपये अडकले. वर्षाला बारा टक्क्यांनी त्याचं व्याज ४,२०० रुपये, महिन्याला साडेतीनशे. तो निम्मा केलास तर वर्षाला २,१०० रुपये वाचतात. आता दुसरी बाजू. १०० किलो मैद्यात पाणी, साखर, मीठ, तूप घालून १७० किलोच्या आसपास पीठ होतं आणि भाजून साधारण १५० किलो माल निघतो, म्हणजे ४०० ग्रॅमचे पावणेचारशे ब्रेड. एका ब्रेडमागं माल आणि इंधन जाऊन दहा-अकरा रुपये सुटतात असं धरलं तर भट्टी एक दिवस बंद म्हणजे ४,००० रुपये गेले. दोन वर्षांची बचत एका बंद दिवसात संपली. शिवाय त्या दिवशी मिसळवाल्यानं दुसऱ्या बेकरीचा ब्रेड घेतला आणि त्याला तो आवडला, तर ते नुकसान कुठल्या खात्यात लिहिणार. माझे रुपये अंदाजाचे आहेत, तुझ्या बेकरीचे बिलावरनं घे, पण प्रमाण फारसं बदलणार नाही.

मग मैदा भरून ठेवायचा का, तर तसंही नाही. जानेवारीत मिल आणि डीलर दोन्ही दिवसाआड देतात, तेव्हा चार दिवसांच्या वर ठेवायचं कारण नाही, जागा अडते आणि किडे होतात. पावसाळ्यात भिंतीला लागलेलं पोतं ओल धरतं, त्या मैद्याला पाणी कमी लागतं आणि कारागिराचं माप चुकतं. म्हणून आम्ही मोसमाप्रमाणं दोन आकडे ठरवलेत. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत दहा दिवस, फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब, बाकी वर्षभर चार दिवस. आणि पावसाळ्यातही सगळा भार स्टॉकवर टाकायचा नाही, कारण पूर एका तासात येत नाही. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी येते, राजाराम बंधाऱ्याची पातळी दिवसातनं कितीदा तरी जाहीर होते. पाणी इशारा पातळीकडं सरकतंय आणि वर घाटात पाऊस थांबलेला नाही असं दिसलं की त्याच दिवशी नेहमीची कार्डं बाजूला ठेवून मैदा आणि डीझेलची जादा ऑर्डर. ही सूचना आपल्याला फुकट मिळते आणि ती दोन-तीन दिवसांच्या स्टॉकएवढं काम करते, फक्त कुठल्या आकड्याला फोन करायचा हे आधी ठरलेलं पाहिजे. ४३ फूट झाल्यावर फोन केला तर गावातल्या सगळ्या बेकऱ्या त्याच डीलरला फोन करत असतात.

यातनं सगळ्यात दुर्लक्षित रिस्क येते. एकावेळी एकच गोष्ट तुटेल असं धरून आपण हिशेब करतो. २०१९ च्या पुरात शहराला पाणी देणारी पंपिंग स्टेशन पाण्याखाली गेली, नळ बंद, बऱ्याच भागात लाइट नाही, डीझेल-पेट्रोल आधी मदतकार्याला. १०० किलो मैद्याला साठ लिटर पाणी नुसतं पिठात लागतं, धुणं-पुसणं वेगळं. यीस्टचं लाल पट्टीचं खोकं भरलेलं आणि पाणी नाही, तर त्या खोक्याचा उपयोग शून्य. त्यामुळं तग किती दिवस हे विचारताना यीस्ट, मैदा, पाणी, मिक्सरची लाइट, भट्टीचं इंधन या पाचांतलं सगळ्यात आधी काय संपतंय ते बघायचं, बाकीचे चार त्याहून जास्त ठेवण्यात अर्थ नाही. आमच्याकडं पाणी हेच सगळ्यात कच्चं निघालं, म्हणून यीस्टच्या आधी टाकी वाढवली आणि गल्लीतल्या बोअरचं पाणी तपासून घेतलं. मागणीही तशीच राहत नाही. मिसळ सेंटर बंद, पण निवारा केंद्रांत ब्रेड हवा असतो, म्हणजे रोजचे गिऱ्हाईक गेले आणि दुसरे आले, त्यांना स्लाइस हवे की पाव हे पण वेगळं.

टोयोटाचं उदाहरण द्यायचंच असेल तर १ फेब्रुवारी १९९७ ची आयसिन सेकीच्या कारिया कारखान्याची आग घे. तिथं ब्रेकचा पी-व्हॉल्व्ह बनायचा, हातात मावेल एवढा आणि किमतीला किरकोळ, पण टोयोटाचा जवळजवळ सगळा पुरवठा त्या एका कारखान्यातनं, आणि टोयोटाकडं स्टॉक काही तासांचाच. दोन-तीन दिवसांत जपानमधल्या टोयोटाच्या बहुतेक सगळ्या लाइनी थांबल्या. मग आजूबाजूच्या कितीतरी कंपन्यांनी, ज्यांनी तो पार्ट आधी कधी केला नव्हता त्यांनीही, ड्रॉइंग घेऊन आपापल्या मशीनवर तो करायला घेतला आणि आठवड्याच्या आसपास गाड्या परत सुरू झाल्या. तिथं स्टॉकनं वाचवलं नाही, जवळ असलेले आणि एकमेकांचं काम ओळखणारे सप्लायर कामाला आले. पुढं २०११ च्या भूकंपानंतर त्याच टोयोटानं चिपसारख्या, परत मिळायला महिने लागतात अशा वस्तूंचा काही महिन्यांचा साठा सप्लायरकडं ठेवायला लावला, आणि २०२१ च्या चिप टंचाईत सुरुवातीला ते बाकीच्यांपेक्षा बरे टिकले. जस्ट इन टाइम ज्यांनी काढलं तेच कुठं स्टॉक ठेवायचा हे निवडून ठरवतात.

आणि एक फरक लिही, टोयोटाचे बरेचसे सप्लायर कारखान्याच्या आसपासच आहेत. आपलं यीस्ट सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरवरनं, नदी ओलांडून येतं.

एक धोका पुस्तकात कमी आणि प्रत्यक्षात जास्त दिसतो, तोही सांगून ठेवतो. मी होतो त्या शॉपकडनं पुण्याकडची एक मोठी कंपनी जस्ट इन टाइम माल घ्यायची. त्यांचा स्टॉक खरोखर तासांवर आला होता, प्रेझेंटेशनमध्ये दाखवायचे. आमचं काय, तर आम्ही त्यांच्या गेटजवळ गोडाऊन भाड्यानं घेऊन तिथं दहा दिवसांचा माल ठेवत होतो, कारण उशीर झाला की दंड. स्टॉक कमी झालाच नव्हता, तो एका ताळेबंदातनं दुसऱ्यात गेला होता आणि भाडं, व्याज शेवटी भावात चढत होतं. तुझ्या बेकरीनं डीलरला रोज गाडी पाठव म्हणून सांगितलं तर हेच होईल. पाच पाकिटांसाठी रोज थंड गाडी तो पाठवणार नाही, पाठवली तर भाव वाढवेल, नाहीतर आदल्या फेरीचा शिल्लक माल देईल आणि तुझं ताजेपणाचं सगळं गणित गेलं. म्हणून आम्ही आठवड्याच्या दोन फेऱ्यांवर थांबलो. तुझ्या बेकरीत उधारी किती दिवसांची, कमीत कमी किती माल घ्यावा लागतो, पूर्ण गाडी मैदा घेतला तर सूट किती, यावर तुझा आकडा चार इकडं-तिकडं होईल, ते डीलरकडनंच कळेल.

हे चालतंय की घसरतंय हे कळायला एक वही पुरते. गाडी कुठल्या तारखेला ठरली होती, कुठल्या तारखेला आली, आणि तो वाढीव सातवा डबा कधी उघडावा लागला. महिन्यातनं एकदा उघडला तर तो ज्यासाठी ठेवलाय ते काम करतोय. दर आठवड्याला उघडायला लागला तर कुठंतरी काहीतरी बदललंय, खप वाढलाय किंवा गाडी सरकतेय, तेव्हा आधी कारण शोध, मगच आठवं कार्ड टाक. वर्षभरात एकदाही उघडला नाही तर एक कार्ड काढून बघायला हरकत नाही. लाल खोक्याला मात्र हा नियम लावू नकोस, ते दोन वर्षं पुरासाठी उघडावं लागलं नाही म्हणून काढून टाकायचं नसतं.

तुझ्या रिपोर्टमध्ये "स्टॉक इतके टक्के कमी" असा एकच आकडा देऊ नकोस. ताजं यीस्ट पंधरा दिवसांवरनं तीनवर, मैदा उन्हाळी-हिवाळी चार आणि पावसाळी दहा, कोरडं यीस्ट शून्यावरनं दहा दिवसांवर, असं वस्तूवार दे आणि प्रत्येकापुढं कारण लिही. गाइडनं विचारलं की कोरड्या यीस्टचा स्टॉक वाढला कसा, तर तग आणि सावरण्याचे दोन आकडे दाखव.

आणि मालकांकडं परत जाशील तेव्हा २०१९ आणि २०२१ ला बेकरी कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत बंद होती आणि पहिल्या दिवशी नेमकं काय संपलं होतं ते विचार. यीस्ट, पाणी, डीझेल, का कारागीरच पलीकडच्या गावात अडकले होते. दोन्ही वर्षांचं उत्तर वेगळं असू शकतं. ते हातात आल्याशिवाय राखीव साठ्याचा आकडा लिहू नकोस, आणि आलं की इथं टाक, त्यावर कार्डांचा हिशेब परत बसवून बघू.